‘इथपर्यंत बरोबर’: बाईंच्या निवृत्तीचं कॅप्शन

*प्रश्न: आमच्या गणिताच्या बाई ३१ मेला निवृत्त होतायत. मी दहावी ब, २००९ची बॅच. इन्स्टावर वर्गाच्या जुन्या फोटोसोबत कॅप्शन टाकायचंय. बाई इन्स्टावर नाहीत, पण ग्रुपवरून त्यांच्यापर्यंत जाईलच. एकच प्रसंग डोक्यात आहे. फळ्यावर वर्गसमीकरण सोडवताना उत्तर ३ आणि ४ यायचं तिथे मी उणे ३, उणे ४ लिहिलं. वर्ग हसला. बाईंनी ते पुसलं नाही, रेघ मारून बाजूला ‘इथपर्यंत बरोबर’ लिहिलं आणि खडू मला परत दिला. पण लिहायला बसले की ‘ज्ञानाचा दीपस्तंभ’च होतं. आता ऑडिटमध्ये आहे, ज्युनिअरची शीट परत पाठवताना मीही कधीकधी तेच दोन शब्द लिहिते. कसं लिहू?*

कॅप्शन तुम्ही लिहून ठेवलंय, फक्त चुकीच्या जागी. प्रश्न विचारताना साधं लिहिलंत आणि ‘कॅप्शन’ म्हटल्यावर फेटा बांधून बसलात. शब्द सुचत नाहीत ही तुमची अडचण नाही. हा प्रसंग एवढा लहान आहे की तो पुरेल यावर तुमचा विश्वास बसत नाही, म्हणून त्याला टेकू द्यायला दीपस्तंभ येतो.

मी एका दैनिकाच्या डेस्कवर बावीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी फोटोओळी लिहिण्यात. आता घरी बसून मानपत्रं, स्मरणिकेतले मजकूर आणि गेली काही वर्षं अशी कॅप्शनंही लिहून देते. मे महिन्यात माझ्याकडे शिक्षकांची रांग लागते. राज्यातल्या शाळाशिक्षकांचं निवृत्तीचं वय ५८. महिना भरल्यावर शेवटच्या दिवशी सुटायचं, आणि जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. त्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून टाकलेला, त्यामुळे अर्धा स्टाफ ३१ मेला बाहेर पडतो. तुमच्या बाईंचं तसंच असेल का, ते मला माहीत नाही. पण त्या दिवशी शाळेला सुट्टी असणार, वर्गात मुलं नसणार, हे मात्र नक्की. याचा उपयोग आहे, पुढे येतो.

आधी क्रियापदं बघा. लोक माझ्याकडे आठवण म्हणून जे आणतात ते बहुतेक वेळा आठवण नसतं, सवय असते. ‘बाई खूप छान समजावून सांगायच्या, चुकलं तर रागवायच्या, पण मायेने जवळ घ्यायच्या.’ यात खोटं काही नाही, पण शेजारच्या शाळेतल्या बाईंच्या फोटोखाली हे जसंच्या तसं चिकटवता येतं. ‘सांगायच्या, रागवायच्या, घ्यायच्या’ म्हटलं की दहा वर्षांचा एकच लगदा होतो. ‘मारली, लिहिलं, दिला’ म्हटलं की मंगळवार येतो, तिसरा तास येतो, हाताला लागलेली खडूची पूड येते. तुमच्या प्रश्नात ही तिन्ही क्रियापदं आहेत आणि तिन्ही बाईंची आहेत. तुम्ही फक्त चुकलात आणि उभ्या राहिलात. निरोपाच्या मजकुरात कामाची वाटणी अशीच असावी. पाच वाक्यांपैकी तीनांत ‘मी’ आला की समजावं, कॅप्शन स्वतःबद्दल झालंय. कच्चा खर्डा झाला की मी पेन्सिलीने प्रत्येक क्रियापदाचा कर्ता मोजते. फार वेळ लागत नाही.

आणखी एक धोका ‘होत्या’चा. ‘बाई प्रेमळ होत्या, शिस्तप्रिय होत्या.’ हे वाचून बाईंच्या घरच्यांच्या पोटात गोळा येईल. मी स्वतः हा घोळ घातलेला आहे. एका सरांच्या मानपत्रात शेवटी लिहिलं, ‘आपली उणीव सदैव भासत राहील.’ समारंभ झाला, हारतुरे झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन. म्हणाले, ‘मी सदाशिव पेठेतच आहे हो, रोज सकाळी दूध आणायला खाली उतरतो. उणीव भासली तर साडेसहाला यावं.’ तेव्हापासून ‘उणीव’, ‘पोकळी’, ‘भावपूर्ण निरोप’, ‘सदैव स्मरणात’ हे शब्द मी निवृत्तीला वापरत नाही. ते श्रद्धांजलीच्या पानावरचे शब्द आहेत. फोटोही बघून घ्या. बाईंचा एकटीचा, चौकटीतला, खाली नाव आणि तारीख असा फोटो आणि वर भूतकाळ, हे जोडलं की बघणारा आधी दचकतोच. तुमचा वर्गाचा ग्रुपफोटो त्या दृष्टीने सुरक्षित आहे.

फोटोवरून आठवलं. डेस्कवर आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं होतं की फोटोत दिसतंय ते ओळीत पुन्हा लिहू नये. ‘आमचा दहावी बचा वर्ग, मध्ये बाई, मागे आम्ही सगळे’ हे डोळ्यांना दिसतंच. फोटोत काय नाही ते लिहा. तुमच्या फोटोत फळा नसणार, असे फोटो शाळेच्या पायऱ्यांवर नाहीतर मैदानात काढतात. म्हणजे फळा ओळीत यायला हवा. आणि एक बारीक गोष्ट. जे हसले होते तेही त्याच फोटोत उभे आहेत. ‘वर्ग हसला’ एवढंच लिहा. त्यात कोणाचं नाव नको, त्या वाक्याजवळ कोणाला टॅगही करू नका. सोळा वर्षांनी ते तुमच्याच कमेंटमध्ये ‘मीच होतो’ म्हणून हजर होतात ते वेगळं. तो त्यांचा प्रश्न.

आता लांबी. इन्स्टाग्राम कॅप्शनला २,२०० अक्षरखुणा देतं, म्हणजे जागा भरपूर आहे, पण फीडमध्ये पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात आणि पुढे more येतं. देवनागरीत ही मोजणी आपल्या डोळ्यांच्या मोजणीपेक्षा जास्त भरते, कारण काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे सुटे मोजले जातात. ‘इथपर्यंत बरोबर’ ही आपल्या दृष्टीने नऊ अक्षरं, मशीनच्या दृष्टीने मधल्या जागेसकट चौदा खुणा. म्हणून इंग्रजीत जे वाक्य पहिल्या ओळीत मावतं तेवढंच मराठीत मावेल असं धरू नका. पहिलं वाक्य आखूड ठेवा आणि तिथे ‘आदरणीय’, ‘आज अत्यंत जड अंतःकरणाने’ यांना जागा देऊ नका. ते वाचून कोणी more दाबत नाही.

तुमच्या बाबतीत याहून मोठी अट वेगळीच आहे. बाई इन्स्टावर नाहीत, म्हणजे त्यांना तुमचं कॅप्शन स्क्रीनशॉट म्हणून मिळणार. तुमच्या ग्रुपवरून कोणीतरी बाईंच्या मुलीला पाठवेल, ती आईला दाखवेल, आई चष्मा लावून फोन लांब धरेल. सगळा मजकूर एका स्क्रीनवर, फोटोच्या खाली, न कापता आला पाहिजे. माझा अंदाज साठ-सत्तर शब्दांचा. दोन स्क्रीनशॉट झाले की दुसरा हरवतो, आणि नेमकं ‘इथपर्यंत बरोबर’ दुसऱ्यात असतं. तुम्ही पोस्ट करण्याआधी स्वतःच्या फोनवर स्क्रीनशॉट काढून एखाद्या मैत्रिणीला पाठवून बघा. फोनप्रमाणे फरक पडतो, त्यामुळे माझ्या आकड्यावर विसंबू नका.

प्रसंग लिहिण्याआधी तो एकदा तपासून घ्या. आठवण सोळा वर्षं डोक्यात राहिली की तिला पॉलिश चढतं. तेव्हा शेजारच्या बाकावर कोण बसायचं, तिला विचारा. बाईंना मात्र विचारू नका. त्यांना हा प्रसंग आठवत नसण्याची शक्यताच जास्त. ज्याला आपण जन्मभर धरून बसलो ते शिक्षकांसाठी त्या दिवशीचं सातवं गणित असतं. मैत्रीण म्हणाली ‘बाईंनी रेघ नाही, चौकट केली होती,’ आणि तुम्हाला रेघच आठवते, तर रेघ ठेवा, कारण ती तुम्ही बघितलीत. पण खडूचा रंग, महिना, तास यांपैकी ज्याची खात्री नाही ते सरळ गाळा. गाळल्याने काही बिघडत नाही. चुकीचं घातलं तर कमेंटमध्ये त्यावरच चर्चा रंगते आणि बाई बाजूला पडतात.

गणित तर तपासाच. उत्तरं ३ आणि ४ म्हणजे तुमचं समीकरण x² − 7x + 12 = 0 किंवा त्याच्याच पटीतलं असणार. अवयव पाडून (x − 3)(x − 4) = 0 इथपर्यंत तुम्ही नीट आलात, आणि शेवटच्या पायरीला कंसातलं चिन्ह तसंच उचललंत. दहावीत निम्मा वर्ग हीच चूक करतो. म्हणूनच बाईंची रेघ नेमकी होती. शेवटून दुसऱ्या ओळीखाली ती पडली, कारण तिथपर्यंत खरंच बरोबर होतं. बाई तुमची समजूत घालत नव्हत्या, तपासत होत्या. प्रसंगात जीव आहे तो यामुळे. ‘बाईंनी मला धीर दिला’ असं लिहिलंत तर तो जाईल, कारण धीर कोणीही देतो. चूक कुठल्या ओळीत आहे ते दाखवणं गणिताच्या बाईंचं काम. त्यामुळे समीकरण कॅप्शनमध्ये असावं असं माझं मत, आणि वेगळ्या ओळीवर. ज्यांना गणित नको ते पुढे सरकतील. बाई मात्र निवृत्तीच्या दिवशीही आधी चिन्हच बघतील. वरचा छोटा २ टाइप करायचा असेल तर बऱ्याच फोनच्या कीबोर्डवर चिन्हांच्या पानावरचा 2 दाबून धरला की ² मिळतो. तो नाही मिळाला तर समीकरण सोडा, x2 लिहू नका. गणिताच्या बाईंना x2 पाठवणं म्हणजे पुन्हा फळ्यासमोर उभं राहणं.

हे सगळं धरून माझा खर्डा असा झाला:

> बाईंनी फळा पुसला नाही.
>
> x² − 7x + 12 = 0
>
> मी उत्तर लिहिलं होतं उणे तीन आणि उणे चार. वर्ग हसला. बाईंनी माझ्या शेवटून दुसऱ्या ओळीखाली रेघ मारली, बाजूला लिहिलं ‘इथपर्यंत बरोबर’ आणि खडू माझ्या हातात परत दिला.
>
> आता मी ऑडिट करते. ज्युनिअरची शीट परत पाठवताना कधीकधी तेच दोन शब्द लिहिते.
>
> बाई, निवृत्तीच्या शुभेच्छा.
> दहावी ब, २००९

पहिली ओळ ‘पुसला नाही’ची घेतली कारण वाचणाऱ्याला लगेच प्रश्न पडतो, का नाही पुसला? शिवाय ती बावीस खुणांत संपते. तुमच्या प्रश्नात हे वाक्य मध्ये दडलं होतं. लोक सहसा मुहूर्तापासून सुरुवात करतात: ‘२००९ साली मी दहावी बमध्ये असताना.’ साल खाली सहीत आलंय, वर पुन्हा नको.

‘खडू परत दिला’वर प्रसंग थांबवलाय. त्यानंतर तुम्ही बरोबर उत्तर काढलंत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मीही घातलं नाही. काढलं असेल आणि घालावंसं वाटत असेल तर ‘दुसऱ्यांदा जमलं’ एवढं पुरे. पण माझा कल न घालण्याकडे आहे. बाईंनी उत्तर सांगितलं नाही, खडू दिला. तिथे थांबलं की वाचणारा स्वतः फळ्याकडे वळतो. उत्तर काढलंत असं लिहिलं की तो टाळ्या वाजवून मोकळा होतो, आणि टाळ्या तुम्हाला मिळतात.

ऑडिटचं वाक्य तुम्ही प्रश्नाच्या शेवटी जाता जाता लिहिलंत. माझ्या मते तुमच्याकडे असलेली सगळ्यात मोलाची ओळ तीच. ‘तुमच्यामुळे मी घडले’ म्हणायची गरज तिच्यामुळे संपते. मात्र त्यातलं ‘कधीकधी’ काढू नका. ते काढून ‘नेहमी’ केलंत की तुमच्याच ऑफिसातला ज्युनिअर खाली येऊन विचारेल, ‘मॅडम, मला तर कधी लिहिलं नाहीत.’

आता ३१ मेचा उपयोग. शेवटी एक ओळ घालायचा मोह मलाही झाला: ‘बाई, आज फळा पुसायला हरकत नाही.’ लिहिली, दोन तास ठेवली, काढली. वाचायला गोड वाटते, पण ती बाईंपेक्षा लिहिणारीची हुशारी जास्त दाखवते, आणि त्या रेघेचा अर्थच पुसून टाकते. त्याऐवजी तारीख हवीच असेल तर सरळ घ्या: ‘आज ३१ मे, शाळेला सुट्टी आहे.’ एवढ्यात रिकामा वर्ग येतो, वेगळं दुःख घालावं लागत नाही. एकच अट आहे. ही ओळ घेतलीत तर पोस्ट त्याच दिवशी टाका. शाळेचा निरोप समारंभ बहुधा सुट्टी लागायच्या आत उरकलेला असतो, आणि त्या दिवशीच्या फोटोंच्या गर्दीत तुमचं कॅप्शन टाकलंत तर ते वाहून जाईल. ३१ला दुपारी बाई घरीच असतील, सही करून परत आलेल्या.

संबोधनाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. संपूर्ण मजकुरात ‘बाईंनी’ असं तिऱ्हाइताला सांगितल्यासारखं लिहून शेवटच्या ओळीत ‘बाई,’ अशी हाक मारली आहे. हे मुद्दाम. वर तुम्ही जगाला सांगताय, खाली त्यांच्याकडे वळताय. मधेच ‘तुम्ही रेघ मारलीत’ आणि मधेच ‘बाई म्हणाल्या’ अशी सरमिसळ झाली की कोणाशी बोलणं चाललंय ते कळत नाही. आणि तुम्ही वर्गात ‘बाई’ म्हणायचात तर ‘मॅडम’ करू नका, ‘गुरुवर्या’ तर नकोच. नाव घालायचं असेल तर शुभेच्छांच्या ओळीत, बाई स्वतः सही करतात तसं. लग्नानंतरचं की आधीचं, मधलं नाव असतं का, हे स्टाफमधल्या कोणाला तरी विचारून घ्या. शेवटच्या क्षणी याच ठिकाणी ठेच लागते. सहीत तुमचं नाव घालायची गरज नाही, ते अकाउंटवर असतंच. पण स्क्रीनशॉटमध्ये तुमचं यूजरनेम काहीतरी फुलाफुलांचं दिसणार असेल तर घाला, नाहीतर बाई दिवसभर ‘ही कोण?’ करत बसतील.

हा सगळा हिशेब तुमच्या प्रसंगाला लागू पडतो कारण त्यात उघड करण्यासारखं काही नाही. चुकलेलं चिन्ह तुमचं, हसू वर्गाचं, रेघ बाईंची. बाईंनी फी भरली, डबा दिला, घरच्या भांडणात मध्ये पडल्या अशी आठवण असती तर मी आधी विचारलं असतं की बाईंना ते चारचौघांत आलेलं चालेल का. अशा गोष्टी पुष्कळ शिक्षक मुद्दाम गुपचूप करतात आणि त्या जाहीर झाल्या की अवघडतात. तिथे पोस्टऐवजी पत्र बरं. आणि छडीची, डस्टर फेकून मारल्याची आठवण ‘गंमत’ म्हणून कोणी आणली तर मी घेत नाही. सभागृह हसतं खरं, पण मी एका सरांच्या नातीला तेव्हा खाली बघताना पाहिलंय.

एक काम राहिलं. खर्डा पक्का झाला की तो मोठ्याने वाचा, शक्यतो घरातल्या कोणासमोर, आणि कुठे श्वास अडकतो ते बघा. माझ्या खर्ड्यात ‘बाईंनी माझ्या शेवटून दुसऱ्या ओळीखाली’ इथे अडकतो. तो मी तसाच ठेवलाय, कारण ओळ नेमकी कुठली ते बाईंना कळायला हवं. तुम्हाला खटकलं तर ‘शेवटच्या पायरीच्या वर’ करा. आणि ‘निवृत्तीच्या’मधला ‘नि’ ऱ्हस्व, ‘शुभेच्छा’त च आणि छ दोन्ही. तुमच्या बाई गणिताच्या असल्या तरी स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मराठीच्या बाई बसत असणार, आणि तो स्क्रीनशॉट त्यांच्याकडेही जाणार आहे.